शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर कोणता गेम चालेल: तपासायची पद्धत, पायरीपायरीने

बऱ्याच शाळांच्या लॅबमध्ये आज जी मशीनं आहेत ती साधारण २००८ ते २०१२ या काळातली आहेत, म्हणजे जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर नाहीतर कोअर टू ड्युओ प्रोसेसर, १ किंवा २ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज ७. नवीन मशीनं मागितलीत तर कधी येतील सांगता येत नाही आणि मुलं मात्र लॅबच्या तासाला रोज विचारतात की मॅडम गेम लावू का. मी स्वतः पाचवी ते आठवीच्या लॅबच्या तासिका घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कायमच असतो. कुठला गेम टाकायचा, कुठला टाकायचाच नाही, आणि थोडा खर्च केला तर कुठलं मशीन सुधारेल, हे ठरवायची जी पद्धत मी वापरते ती इथे सविस्तर देते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गेम न चालण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे गेम अजिबात सुरूच होत नाही, कारण त्याला लागणारी सोय मशीनच्या ग्राफिक्समध्ये किंवा विंडोजमध्ये नाहीच. दुसरा म्हणजे सुरू होतो पण अडकत अडकत चालतो. पहिल्या प्रकारात रॅम वाढवा, एसएसडी टाका, काहीही करा, उपयोग शून्य. दुसऱ्यात मात्र बरंच काही करता येतं. माइनक्राफ्टचंच उदाहरण घ्या, त्याची जावा आवृत्ती १.१७ पासून पुढे निदान ओपनजीएल ३.२ मागते, ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची सोय, आणि जी४१ मधलं इंटेलचं ग्राफिक्स ओपनजीएल २.१ च्या पुढे जातच नाही. म्हणजे तिथे विषय संपला. उलट मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं स्क्रॅच अडकतंय म्हणून बऱ्याच ठिकाणी सोडून देतात, आणि तिथे खरी अडचण बहुतेक वेळा रॅमची असते.

पहिली पायरी: मशीनमध्ये नक्की काय आहे ते लिहून काढा

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जे लिहिलंय त्यावर विसंबू नका. मधल्या काळात कोणीतरी एका मशीनची रॅम काढून दुसऱ्यात घातलेली असते, एखाद्याची हार्ड डिस्क बदललेली असते. प्रत्येक कॅबिनेटवर मार्करने नंबर टाका आणि प्रत्येक मशीनवर स्टार्ट मेनूत cmd टाइप करून ह्या तीन ओळी चालवा:

```
wmic cpu get name
wmic memorychip get capacity,speed
wmic path win32_videocontroller get name,driverversion
```

दुसऱ्या ओळीचा आकडा बाइटमध्ये येतो, 1073741824 म्हणजे १ जीबी आणि 2147483648 म्हणजे २ जीबी. दोन ओळी आल्या तर रॅमच्या दोन काड्या आहेत.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिथे इंटेलचं किंवा दुसऱ्या कुठल्या चिपचं नाव यायला हवं. त्याऐवजी Standard VGA Graphics Adapter किंवा विंडोज १० असेल तर Microsoft Basic Display Adapter असं आलं तर त्या मशीनवर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाहीये आणि सगळं चित्र प्रोसेसरच रंगवतोय. मॉनिटरवर अक्षरं ताणल्यासारखी जाड दिसत असतील, गोल लंबगोल दिसत असेल, तर बहुतेक हेच असतं. फॉरमॅट मारून देणारा माणूस बऱ्याचदा विंडोज टाकतो, वर्ड उघडून दाखवतो आणि निघून जातो, ड्रायव्हर राहूनच जातो. असं मशीन गेमसाठी नापास करण्याआधी त्यावर बरोबर ड्रायव्हर टाका आणि मग परत बघा. नुसत्या एवढ्यानेच निम्मी तक्रार जाते.

विंडोज ७ असेल तर ग्राफिक्स तपासायला एक तयार गेम त्यातच आहे, चेस टायटन्स. प्रोफेशनल आवृत्तीत तो दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधून Turn Windows features on or off मध्ये जाऊन Games वर टिक करा. चेस टायटन्स उघडताना हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद आहे किंवा ड्रायव्हर ते देत नाही अशा अर्थाचा मेसेज आला तर समजा की थ्रीडीचा मार्ग बंद आहे. काही मेसेज न येता पट तिरपा फिरवता आला तर ड्रायव्हर ठीक आहे.

दुसरी पायरी: मोजायच्या आधी मशीन मोजण्यालायक करा

धूळ भरलेल्या, तारीख चुकलेल्या, मरायला टेकलेल्या डिस्कच्या मशीनवर गेम तपासण्यात अर्थ नाही कारण तुम्ही गेम नाही, धूळ तपासत असता.

मशीन बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी अ‍ॅल्युमिनियमची पाती असतात त्यात धुळीची गादी साचलेली असते, ब्लोअर किंवा मऊ ब्रशने ती काढा, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मग पंख्याच्या चार कोपऱ्यांवरच्या काळ्या पिना बघा. इंटेलच्या त्या काळातल्या कूलरला चार पुश-पिन असतात आणि त्यातली एखादी वर आलेली असते, म्हणजे कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसरला नीट टेकत नाही. असं मशीन वर्डमध्ये तासभर चालतं पण गेम लावला की दहा-बारा मिनिटांनी हँग होतं किंवा स्वतःहून बंद पडतं. पिन बोटाने दाबली की टक असा आवाज येतो, तो यायला पाहिजे. कूलर काढायची वेळ आली तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय परत बसवू नका.

रॅमची काडी काढून तिचे सोनेरी पट्टे साध्या खोडरबरने हलके पुसा आणि परत दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत दाबा. पावसाळ्यानंतर बंद पडलेली किंवा नुसती बीप-बीप करणारी कितीतरी मशीनं एवढ्यानेच सुरू होतात. प्रोसेसरच्या आजूबाजूला जे छोटे डब्यासारखे कपॅसिटर उभे असतात त्यांचं डोकं सपाट आहे का बघा, फुगलेलं असेल किंवा तपकिरी काहीतरी बाहेर आलं असेल तर ते मशीन वेगळं काढा, ते जोर पडला की दगा देणार. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा मात्र स्वतः उघडायचा नाही, वायर काढली तरी आत धक्का बसेल एवढा चार्ज साठलेला असतो. शंका असेल तर चांगल्या मशीनचा एसएमपीएस लावून बघा.

तारीख दर वेळी २००९ वगैरे दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. ह्याचा गेमशी काय संबंध असं वाटेल, पण तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो आणि आपल्याला वाटतं नेट बंद आहे.

आणि हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा, निळं Good आलं तर पुढे जा, पिवळं Caution आलं आणि विशेषतः C5 ह्या ओळीत शून्य सोडून काही असेल तर त्या डिस्कवर गेम टाकत बसू नका, आधी मुलांचं काम दुसरीकडे घ्या. अशी डिस्क एखादी फाइल वाचताना मिनिटभर अडकून बसते आणि वर्गात ते मशीन हँग झाल्यासारखंच दिसतं.

तिसरी पायरी: सगळ्यात कमजोर मशीनवर तासिकेच्या हिशोबाने मोजा

गेमच्या वेबसाइटवर दिलेली किमान गरज वाचून निर्णय घेऊ नका. ती एका माणसाने, एका मशीनवर, निवांत खेळायच्या हिशोबाने लिहिलेली असते. आपल्याकडे ३५ मिनिटांची तासिका आहे, त्यात मुलं वर्गातून यायला, चपला बाहेर काढायला, जागा धरायला पाच मिनिटं जातात आणि शेवटी बंद करायला तीन-चार. म्हणजे हातात २६-२७ मिनिटं. मशीन चालू करून गेममध्ये पहिलं क्लिक होईपर्यंतच सात मिनिटं गेली तर तो गेम कितीही चांगला असला तरी वर्गाच्या कामाचा नाही.

म्हणून मी तीन गोष्टी बघते आणि त्या लॅबमधल्या सगळ्यात कमजोर मशीनवर बघते, कारण वर्गात त्या मशीनवर बसलेली दोन मुलं पण आपलीच आहेत.

पहिली, बटण दाबल्यापासून पहिल्या क्लिकपर्यंतचा वेळ. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. डेस्कटॉप दिसला म्हणजे मशीन तयार झालं असं नाही, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा बघा, तो सतत पेटलेला असतो तोपर्यंत मागे लोडिंग चालूच असतं. तो अधूनमधून लुकलुकायला लागला की मग गेमवर डबल क्लिक करा. हे सगळं मिळून ४ मिनिटांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर msconfig टाइप करून Startup मधलं अँटिव्हायरस सोडून बाकीचं फालतू बंद करा आणि परत मोजा.

दुसरी, हात आणि पडदा जुळतायत का. ह्यासाठी टक्स पेंट हा चित्रं काढायचा गेम मस्त आहे. ब्रश घेऊन माउसने भराभर मोठे गोल काढा. रेष गोलसर आली तर मशीन तुमच्या हाताबरोबर आहे, गोलाच्या जागी सरळ तुकडे जोडल्यासारखा षटकोन आला तर मशीन मागे पडतंय. टक्स पेंटमध्येच हे होत असेल तर पुढचं काही बघायलाच नको, आधी ड्रायव्हर आणि स्टार्टअप तपासा, कारण हा गेम फार हलका आहे.

तिसरी, वीस मिनिटांनंतर काय होतं. गेम चालू ठेवून बाजूला बसा आणि हळूहळू मंद होतो का, अचानक बंद पडतो का ते बघा. ही चाचणी लोक सोडून देतात आणि मग नेमकं वर्गात मध्येच मुलांचं काम जातं.

अडकत असेल तर कशामुळे ते शोधायला दुसरं काही इन्स्टॉल करायची गरज नाही. resmon टाइप करा, रिसोर्स मॉनिटर उघडतो, गेम चालू असतानाच Memory टॅब बघा. Hard Faults/sec चा आलेख सारखा उसळत असेल आणि रॅम नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असेल तर रॅम कमी पडते आहे. रॅम मोकळी आहे पण डिस्कचा आलेख वर टेकलेला आहे तर डिस्क दोषी. दोन्ही शांत आहेत आणि सीपीयू शंभरवर आहे, तर एकतर गेम खरंच जड आहे किंवा ग्राफिक्सचं काम प्रोसेसरवर पडतंय. माझा अनुभव असा की ह्या पिढीच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा रॅम आणि डिस्कच आडवी येते, प्रोसेसरचा नंबर नंतर लागतो, पण दुकानदार पहिल्यांदा प्रोसेसरच जुना झालाय म्हणून सांगतो.

चौथी पायरी: गेम एकेक करून

इथे मी खरंच वापरण्यासारखे तेवढेच घेते.

टक्स पेंट १ जीबी रॅमच्या जी३१ मशीनवर पण नीट चालतो. लहान वर्गांचा माउसवर हात बसवायला ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. टक्स टायपिंग पण तसाच हलका, त्यात अडचण मशीनची नसते, कीबोर्डची असते. गेम टाकायच्या आधी नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबून बघा. आणि एका कीबोर्डवर दोन मुलांनी खेळायचा गेम असेल तर नोटपॅडमध्येच एकाच वेळी तीन-चार कळा दाबून बघा, स्वस्त कीबोर्डमध्ये ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्या की तिसरी उमटतच नाही. मग एका मुलाची गाडी थांबते आणि भांडण होतं, आणि त्यात त्या मुलाची काहीच चूक नसते.

जीकॉम्प्रिसमध्ये शंभराहून जास्त खेळ आहेत आणि प्राथमिकसाठी तो एकच टाकला तरी वर्षभर पुरतो. पण नवीन आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, म्हणून इन्स्टॉलर उघडलाच नाही तर मशीनला दोष देऊ नका, त्यांच्या जुन्या आवृत्त्यांमधून ३२ बिटची घ्या. इन्स्टॉल झाला पण पांढरा किंवा काळा पडदा येऊन बसला तर ती ओपनजीएलची अडचण असते, स्टार्ट मेनूत त्याचा Safe Mode चा शॉर्टकट असतो त्यातून उघडा. लिनक्सवर हेच असं होतं:

```
gcompris-qt --software-renderer --enable-kioskmode
```

त्यातला दुसरा पर्याय वर्गासाठी फार उपयोगी आहे, बाहेर पडायचं आणि सेटिंगचं बटण गायब होतं, त्यामुळे लहान मुलं चुकून गेम बंद करत नाहीत.

आता स्क्रॅच, कारण पाचवीच्या वर हेच सगळ्यात कामाचं आणि हेच सगळ्यात जास्त अडतं. जानेवारी २०१९ मध्ये आलेलं स्क्रॅच ३ ब्राउझरमध्ये चालताना वेबजीएल मागतं, म्हणजे ब्राउझरने ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची सोय. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर, ह्यापैकी एक टाका. मग क्रोमच्या पत्त्याच्या जागी chrome://gpu लिहा आणि WebGL ची ओळ शोधा. Hardware accelerated लिहिलं असेल तर छान. Software only लिहिलं असेल तर स्क्रॅच उघडेल, पण सगळं चित्र प्रोसेसर काढणार. एकाच जातीच्या दोन मशीनवर इथे वेगवेगळं दिसू शकतं, कारण क्रोम काही जुन्या ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नाही आणि त्यांचं हार्डवेअर बंद करतो, अशा वेळी पहिल्या पायरीत लिहिलेला driverversion चा आकडा दोन्हींचा ताडून बघा आणि मागे असलेल्यावर नवीन ड्रायव्हर टाका.

स्क्रॅच किती वेगाने चालतंय हे स्क्रॅचनेच मोजता येतं. एक व्हेरिएबल बनवा, मोजणी नावाचं. हिरवा झेंडा दाबल्यावर टायमर रिसेट, मोजणी शून्य, मग टायमर १० पेक्षा जास्त होईपर्यंत एक लूप, ज्यात मांजर १५ अंश फिरते आणि मोजणी एकने वाढते. फिरण्याचा ब्लॉक असलाच पाहिजे, कारण पडदा बदलला तरच लूप एका चित्राला एकदा थांबतो. स्क्रॅच सेकंदाला ३० चित्रं दाखवतं, म्हणून धडधाकट मशीनवर दहा सेकंदांत मोजणी ३०० च्या आसपास यायला पाहिजे. आता लूपच्या आधी मांजरीचे ५० क्लोन म्हणजे हुबेहूब नकला बनवा, प्रत्येक क्लोन सतत चालेल आणि कडेला आपटून वळेल असं करा आणि परत मोजा. २४० च्या वर आलं तर मुलांचे नेहमीचे गेम आरामात चालतील. १५० च्या खाली आलं तर बाणाची कळ दाबली आणि मांजर नंतर हलली असं मुलांना जाणवायला लागतं, त्या मशीनवर क्लोन आणि ग्राफिक इफेक्ट टाळून साधे प्रोजेक्ट द्या. टर्बोवॉर्प नावाचं स्क्रॅचचंच वेगवान रूप आहे, विंडोज ७ साठी त्याची वेगळी जुनी आवृत्ती मिळते. प्रोजेक्टमध्ये हिशोब जास्त असेल तर त्याने मोठा फरक पडतो, पण चित्र काढण्यातच वेळ जात असेल तर फारसा नाही, कारण वेबजीएल त्यालाही लागतंच. आणि वेबजीएल अजिबातच नसलेल्या मशीनवर जुनं स्क्रॅच १.४ टाका, क्लोन नाहीत पण लूप, अट, व्हेरिएबल सगळं शिकवता येतं.

गणित-विज्ञानासाठी फेटची सिम्युलेशन्स बघाच, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, बरीचशी मराठीत आहेत आणि एकेक सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलमध्ये डाउनलोड होतं. म्हणजे एका मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने सगळीकडे टाकता येतं, नेट नको. काहींमध्ये खेळाचा वेगळा भाग असतो, अपूर्णांकांच्या जोड्या लावायचा मुलांना फार आवडतो. जुन्या ब्राउझरवर प्रत्येक फाइल आधी उघडून बघा, सगळ्या चालतीलच असं नाही.

कपाटात जुन्या शैक्षणिक सीडी असतील तर त्यातल्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फ्लॅशच्या गोष्टी आता चालत नाहीत, अडोबने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने फ्लॅश दाखवणंच थांबवलं. पण सीडीवर फ्लॅशची .exe फाइल असेल तर ती अजूनही चालते, कारण तिच्या पोटातच प्लेयर असतो. नुसती .swf असेल तर ब्राउझरला रफल हे एक्स्टेन्शन लावून बघा.

राहिले मुलं पेनड्राइव्हवर आणतात ते गेम. त्यातले जुने बरेचसे ह्या मशीनवर चालतीलही, पण त्याच्याबरोबर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस येतो आणि दोन दिवसांत पूर्ण लॅबमध्ये पसरतो. मोकळ्या तासाला विंडोज ७ मधलाच पर्बल प्लेस, माहजाँग, सॉलिटेअर पुरतं. डीव्हीडी ड्राइव्ह चालू असेल तर सगळे इन्स्टॉलर एका डीव्हीडीवर बर्न करून ठेवा, एकदा बर्न झाल्यावर तिच्यात व्हायरस शिरू शकत नाही.

पाचवी पायरी: सगळी मशीनं एकदम

एका मशीनवर चाललं म्हणजे लॅबमध्ये चाललं असं होत नाही. सुट्टीच्या दिवशी किंवा शाळा सुटल्यावर सगळी मशीनं एकाच वेळी चालू करा आणि सगळ्यांवर तोच गेम लावा. मॉनिटरसकट एक मशीन शंभर वॉटच्या आसपास ओढतं असं धरलं तरी पंधरा मशीनना दीड किलोवॉट लागतात, आणि जुन्या बॅटरीच्या यूपीएसवर सगळी एकदम सुरू केली की मागच्या रांगेतली रीस्टार्ट होतात. म्हणून रांगेरांगेने चालू करायची सवय लावा. नेटवरचा गेम असेल तर तोही सगळीकडे एकदम उघडून बघा, एका डोंगलवर पंधरा मशीनं ओढली की पहिला उघडतो आणि बाकीचे गोल फिरत बसतात.

तुमच्याकडे एका सीपीयूला डबे जोडून पाच-सहा मॉनिटर चालवायची एनकम्प्युटिंगची व्यवस्था असेल तर ही पायरीच खरी परीक्षा आहे. तिथे रॅम आणि प्रोसेसर सगळ्यांत वाटला जातो, एका सीटवर स्क्रॅच छान चालतं आणि सहाही सीटवर लावलं की माउससुद्धा हलत नाही. थ्रीडीचा तर विचारच नको. तिथे टक्स टायपिंगसारखे, पडद्यावर थोडंच हलणारे गेम घ्या.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एका लॅबमधली १५ मशीनं धरा. ४ जी३१ ची, १ जीबी रॅम. ९ जी४१ ची, पेंटियम ई५७०० आणि २ जीबी. २ दुसऱ्या पिढीच्या आय३ ची, ४ जीबी. वर्ग सहावीचा, एका मशीनवर दोन मुलं, शिकवायचंय स्क्रॅच.

आय३ ची दोन मशीनं कशालाच अडत नाहीत. जी४१ चं मशीन आधी बटणापासून स्क्रॅचच्या पहिल्या क्लिकपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं घेत होतं, स्टार्टअप साफ केल्यावर चारच्या थोडं वर आलं. क्लोनची मोजणी १७० च्या घरात. chrome://gpu मध्ये Hardware accelerated, म्हणजे ग्राफिक्सचा मार्ग उघडा आहे. रिसोर्स मॉनिटरमध्ये मात्र रॅम ९३ टक्के आणि हार्ड फॉल्ट सतत. इथे उत्तर सरळ आहे, रॅम ४ जीबी करा, आणि जमलं तर १२० जीबीची एसएसडी. एका मशीनवर दोन्ही करून बघितलं, पहिलं क्लिक दीड मिनिटाच्या आत आलं आणि मोजणी २५० च्या पुढे गेली. सगळ्या नऊंची खरेदी करण्याआधी असं एकावर नक्की करून बघा.

रॅम घेताना जी४१ मध्ये एक खोच आहे. आधी बोर्ड डीडीआर२ चा की डीडीआर३ चा ते बघा, दोन्ही प्रकार निघाले होते आणि काडीची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर३ असेल आणि ४ जीबीची एक काडी घेणार असाल तर काडीच्या दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिप असलेलीच घ्या. आठ चिपवाली नवीन काडी हा चिपसेट ओळखत नाही, मशीन सुरू होत नाही किंवा अर्धीच रॅम दिसते, आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. त्यापेक्षा २ जीबीच्या दोन काड्या लावणं सोपं, आधीची एक २ जीबीची असेल तर जादा एकच घ्यायची. काडी दुकानातच लावून बघायची, म्हणून एक कॅबिनेट सोबत न्या.

जी३१ च्या चार मशीनवर स्क्रॅच ३ साठी पैसे घालू नका, तिथे अडचण ग्राफिक्सची आहे आणि ती रॅमने सुटत नाही. त्यांच्यावर टक्स पेंट, टक्स टायपिंग आणि स्क्रॅच १.४ टाकून पाचवीच्या टायपिंगसाठी एक वेगळी रांग केली आणि सहावीच्या तासाला उरलेल्या अकरा मशीनवर काही ठिकाणी तीन मुलं बसवली.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे ४ जीबी झालेल्या जी४१ मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघण्यासारखी आहे, डिस्कवर काही न टाकता सगळं तपासता येतं. तिथे ग्राफिक्स असं बघा:

```
sudo apt update
sudo apt install mesa-utils
glxinfo | grep -i opengl
```

renderer च्या ओळीत llvmpipe दिसलं तर चित्र प्रोसेसर काढतोय, इंटेलचं नाव दिसलं तर ठीक. लाइव्ह पेनड्राइव्हवर सगळंच जरा हळू उघडतं, म्हणून तिथला उघडण्याचा वेळ धरू नका, फक्त मोजणी आणि ओपनजीएल बघा. टायपिंगच्या परीक्षेसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी एखादं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर ती दोन-तीन मशीनं विंडोजवर राहू द्या.

शेवटी हे सगळं एका कागदावर आणा. मशीन नंबर, चिपसेट, रॅम, डिस्कची स्थिती, पहिल्या क्लिकचा वेळ, क्लोनची मोजणी, आणि शेवटच्या रकान्यात कुठले गेम चालतात. त्याची एक प्रत लॅबच्या दारामागे लावा म्हणजे तुम्ही रजेवर असताना तास घेणाऱ्या बाईंना कुठल्या वर्गाला कुठे बसवायचं ते कळेल. दुसरी प्रत मागणीपत्राला जोडा, आणि पत्रात मोघम १५ संगणक नादुरुस्त असं न लिहिता ९ मशीनसाठी २ जीबीची प्रत्येकी एक जादा काडी, ९ एसएसडी, ४ मशीन बदलून मिळावीत असं लिहा. मुख्याध्यापकांना शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायला आकडे लागतात, आणि रॅमची मागणी मंजूर व्हायला पूर्ण लॅबच्या मागणीइतका वेळ लागत नाही.